डायरेक्टरकी सोडायची तर तारीख लिहा

2004 सालची गोष्ट. एका खासगी कंपनीच्या संचालकाने 2 मार्चला राजीनामा दिला. त्याच दिवशी बोर्डाने तो स्वीकारल्याचा ठराव केला आणि 4 मार्चला कंपनीने रजिस्ट्रारकडे तसा फॉर्म भरला. पुढे 30 एप्रिल तारखेचे कंपनीचे चेक वटले नाहीत. ज्यांचे पैसे अडकले त्यांनी फौजदारी तक्रार केली, आणि त्या तक्रारीत या माजी संचालकाचेही नाव घातले. हायकोर्ट कागद बघायला तयार झाले नाही. हे सगळे खटल्यात सिद्ध करा, असे सांगितले. फेब्रुवारी 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने मात्र रजिस्ट्रारकडचा तो फॉर्म पाहिला. चेक दिले गेले त्या दिवशी हा माणूस संचालक नव्हताच, हे त्यावरून स्पष्ट होत होते. कोर्टाने त्याच्यावरची कारवाई रद्द केली.

त्या माणसाला वाचवले ते मार्चमधल्या दोन तारखांनी. राजीनामा तोंडी असता, किंवा लेखी असूनही रजिस्ट्रारपर्यंत पोचलाच नसता, तर सात वर्षांनंतरही त्याला दाखवायला काय उरले असते, हा प्रश्नच आहे.

आपल्याकडे डायरेक्टर होणे फार सोपे झाले आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला किमान दोन संचालक लागतात, पब्लिक लिमिटेडला तीन. मग दुसरे नाव कुणाचे? बायकोचे, भावाचे, मेव्हण्याचे, कॉलेजातल्या मित्राचे. सीएच्या ऑफिसात दोन सह्या होतात, मोबाइलवर ओटीपी येतो आणि माणूस डायरेक्टर होतो. बाहेर पडताना मात्र बहुतेक जण एवढेच करतात: ‘आता माझे नाव काढून टाक’ असे फोनवर सांगतात आणि ते काढले गेले असे समजून चालतात.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. कंपनी कायदा 2013 च्या कलम 168 नुसार संचालक कंपनीला लेखी नोटीस देऊन राजीनामा देऊ शकतो. बोर्डाने त्या नोटिशीची नोंद घ्यायची आणि कंपनीने रजिस्ट्रारला कळवायचे. राजीनामा अमलात कधी येतो? नोटीस कंपनीला मिळाली तो दिवस आणि नोटिशीत लिहिलेला दिवस, या दोन्हींतला जो नंतरचा, त्या दिवशी. यात ‘मंजुरी’ कुठेही नाही. नोकरीचा राजीनामा साहेब मंजूर करतो. डायरेक्टरकीच्या राजीनाम्याला सहसंचालकांची परवानगी लागत नाही. ‘आम्ही तुझा राजीनामा स्वीकारत नाही’ असे भाऊ म्हणाला, तरी कायद्याच्या हिशेबी त्याने काही बिघडत नाही.

‘जो नंतरचा’ या दोन शब्दांवर बऱ्याच गोष्टी ठरतात. एक म्हणजे राजीनामा मागच्या तारखेपासून देता येत नाही. पत्रात ‘1 एप्रिलपासून मी संचालक नाही’ असे लिहिले आणि ते कंपनीला 5 जूनला मिळाले, तर राजीनामा 5 जूनपासूनच धरला जाईल. मधले दोन महिने तुम्ही संचालकच होता, मग त्या काळात ऑफिसची पायरी चढला असा किंवा नसा. दुसरे असे की ‘तात्काळ’ हा शब्द दिसतो ठाम, पण त्यात तारीख नसते. तात्काळ म्हणजे पत्र मिळाले त्या दिवसापासून, आणि ते कधी मिळाले यावर वाद घालायला समोरचा मोकळाच असतो.

म्हणून माझे मत असे, की दोन-तीन आठवडे पुढची तारीख लिहावी. मग पत्र सोमवारी मिळाले की गुरुवारी, याला महत्त्व उरत नाही. लिहिलेली तारीखच नंतरची असते आणि तीच लागू होते. फार पुढची तारीखही नको. नियमांनुसार कंपनीने रजिस्ट्रारला कळवायची तीस दिवसांची मुदत नोटीस मिळाल्या दिवसापासून मोजायची असते. तीन महिन्यांनंतरची तारीख टाकली तर राजीनामा अमलात येण्याआधीच कंपनीची मुदत संपते आणि नसता घोळ होतो.

एक कल्पित उदाहरण घेऊन हे तपशिलात पाहू. सांगलीच्या कॉलेजातले एक प्राध्यापक. त्यांच्या बहिणीच्या यजमानांचा, म्हणजे दाजींचा, भोसरीत पत्र्याचे सुटे भाग बनवायचा कारखाना आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, संचालक तिघे: दाजी, दाजींचे धाकटे भाऊ आणि आपले प्राध्यापक. प्राध्यापकांना गेल्या दोन वर्षांचे ताळेबंद बघायला मिळालेले नाहीत. भांडायचे नाही, पण बाहेर पडायचे आहे.

पत्र लिहायला बसण्याआधी त्यांनी तीन गोष्टी गोळा केल्या. कंपनीचा सीआयएन, स्वतःचा आठ आकडी डिन नंबर आणि कंपनीचा नोंदणीकृत पत्ता व ई-मेल. या गोष्टी mca.gov.in वर कंपनीच्या ‘मास्टर डेटा’त सापडतात. पत्ता तिथूनच घ्यावा. कारखाना भोसरीत असला तरी नोंदणीकृत कार्यालय दाजींच्या चिंचवडच्या फ्लॅटवर असू शकते, आणि कायद्याने ‘कंपनीला दिले’ म्हणजे त्या नोंदणीकृत पत्त्यावर दिले. अशी पत्रे बहुधा इंग्रजीत जातात, पण आशय कळावा म्हणून ते मराठीत देतो.

> दिनांक: 2 जून 2025
>
> प्रति, संचालक मंडळ, ______ प्रायव्हेट लिमिटेड (सीआयएन: ______), नोंदणीकृत कार्यालय: ______
>
> विषय: संचालकपदाचा राजीनामा, कंपनी कायदा 2013, कलम 168
>
> मी, ______, डिन क्रमांक ______, या पत्राद्वारे कंपनीच्या संचालकपदाचा राजीनामा देत आहे. हा राजीनामा शुक्रवार, दिनांक 20 जून 2025 रोजी कामकाजाची वेळ संपल्यापासून अमलात येईल.
>
> राजीनाम्याचे कारण: अध्यापनाच्या जबाबदाऱ्यांमुळे मला कंपनीच्या कामकाजाकडे लक्ष देता येत नाही, तसेच मागील दोन आर्थिक वर्षांची वित्तीय पत्रके मागणी करूनही मला पाहण्यास मिळालेली नाहीत.
>
> कंपनीने या राजीनाम्याची नोंद घ्यावी आणि विहित मुदतीत फॉर्म डीआयआर-12 रजिस्ट्रारकडे दाखल करून त्याची पावती मला पाठवावी. 20 जून 2025 नंतर कंपनीच्या वतीने माझी सही वापरण्याचा अधिकार कोणालाही राहणार नाही.
>
> हे पत्र मिळाल्याची दिनांकासह लेखी पोच द्यावी.
>
> सही ______

या पत्रात काय नाही तेही बघा. ‘राजीनामा मंजूर करावा ही नम्र विनंती’ नाही. आपल्याला लहानपणापासून अर्ज लिहायची सवय असते आणि हे वाक्य हातून आपोआप उतरते. पण विनंती केली की समोरच्याला नकाराची जागा मिळते, आणि पुढे कोर्टात कुणी म्हणू शकतो की यांनी तर फक्त इच्छा व्यक्त केली होती. ‘माझे येणे असलेले पैसे मिळाल्यावर हा राजीनामा लागू समजावा’ असेही नाही. अट घातली की अमलाची तारीख अटीवर टांगली जाते. पैशांची मागणी करायची तर वेगळ्या पत्राने करावी.

‘कामकाजाची वेळ संपल्यापासून’ हे शब्द काहींना चिकटपणाचे वाटतील. पण नुसते ‘20 जूनपासून’ म्हटले की त्या दिवशी तुम्ही संचालक होता की नव्हता, हा प्रश्न उरतो. नेमकी त्याच दिवशी बँकेच्या कर्जाच्या कागदांवर सही झाली असेल तर त्या एका दिवसाला किंमत येते. दिवस संपताना पद सुटते, एवढे लिहिले की विषय मिटला.

कारणाबद्दल लोक फार घाबरतात. ‘वैयक्तिक कारणांमुळे’ एवढे लिहून मोकळे होतात. खरेच तेच कारण असेल तर हरकत नाही. पण हिशेब दाखवले जात नव्हते म्हणून सोडत असाल, तर ते एका कोरड्या वाक्यात लिहावे. पुढे त्याच वर्षांबद्दल चौकशी झाली तर आज लिहिलेले ते वाक्य नंतर दिलेल्या दहा खुलाशांपेक्षा वजनदार ठरते. आरोप मात्र करू नयेत. ‘पत्रके पाहण्यास मिळाली नाहीत’ ही वस्तुस्थिती झाली. ‘अफरातफर चालली आहे’ हा आरोप झाला, आणि तो तुम्हाला सिद्ध करावा लागेल.

आता हे पत्र पोचवायचे कसे? प्राध्यापकांनी 2 जूनला सही केलेल्या पत्राची पीडीएफ कंपनीच्या नोंदणीकृत ई-मेलवर पाठवली आणि मूळ पत्र स्पीड पोस्टने नोंदणीकृत पत्त्यावर टाकले. 5 जूनला ते पोचल्याचे पोस्टाच्या ट्रॅकिंगवर दिसले. त्या पानाची प्रत त्यांनी लगेच काढून ठेवली, कारण अशी माहिती वेबसाइटवर कायम राहत नाही. लिफाफा ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आला असता तर? तो न फोडता तसाच जपून ठेवायचा. योग्य पत्त्यावर रीतसर टपालाने पाठवलेले आणि घेण्याचे नाकारलेले पत्र मिळाल्यासारखेच धरण्याकडे आपल्या कायद्याचा कल आहे. ते मिळालेच नव्हते हे दाखवायची जबाबदारी मग समोरच्यावर येते.

सहसंचालकांना वेगळे कळवायची गरज आहे का? कायद्याच्या दृष्टीने नोटीस कंपनीला मिळणे पुरेसे आहे. पण व्यवहारात डीआयआर-12 वर डिजिटल सही करणारा उरलेल्या संचालकांपैकीच कुणीतरी असतो, बोर्डाची मीटिंग तेच बोलावतात, आणि ‘ऑफिसात आलेले पत्र आम्ही पाहिलेच नाही’ हा बचावही त्यांचाच असतो. म्हणून प्रत्येकाच्या वैयक्तिक ई-मेलवर चार ओळी जाव्यात. दाजींना प्राध्यापकांनी लिहिले ते असे:

> ती. दाजी यांस सा. न.
>
> मी आज कंपनीकडे संचालकपदाचा राजीनामा पाठवला आहे. तो 20 जून 2025 रोजी कामकाजाची वेळ संपल्यापासून अमलात येईल. पत्राची प्रत सोबत जोडली आहे. त्या तारखेनंतर तुम्ही दोघे संचालक राहता, त्यामुळे प्रायव्हेट कंपनीला लागणारी किमान संख्या पूर्ण राहते. तुम्ही बोर्डाच्या मीटिंगमध्ये याची नोंद घ्यावी आणि 20 जूननंतर, पण 2 जुलैच्या आत, डीआयआर-12 भरून घ्यावा. बँकेला आणि जीएसटी खात्याला माझी सही बंद झाल्याचे कळवावे. ही मेल मिळाल्याचे उलट टपाली कळवा.

यात नात्याची भाषा आहे, पण तारीख तीच आहे, शब्दन्‌शब्द तीच. हे मुद्दाम. घरच्या माणसाला लिहिताना ‘महिनाअखेरीस बाहेर पडतोय’ असे सैलसर लिहिले जाते, आणि मग दोन कागदांवर दोन तारखा होतात. व्हॉट्सॲपवर कळवायला हरकत नाही, पण फक्त त्यावर विसंबू नये.

2 जुलै कुठून आला? ई-मेल 2 जूनला पोचली, तिथून तीस दिवस. म्हणजे 20 जून ते 2 जुलै एवढीच खिडकी कंपनीच्या हातात आहे. बोर्डाच्या मीटिंगची नोटीस साधारणपणे किमान सात दिवस आधी द्यावी लागते, तेव्हा 14 जूनच्या शनिवारी मीटिंग घेणे सहज शक्य आहे. तिच्या इतिवृत्तात शब्द कसे हवेत यावर मी थोडा वेळ थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते.

बऱ्याच ऑफिसांत जुना मसुदा कॉम्प्युटरवर पडलेला असतो: ‘श्री. अमुक यांचा राजीनामा आजच्या सभेत मंजूर करण्यात आला.’ सभा समजा जुलैच्या 15 तारखेला झाली, तर फॉर्ममध्ये पद सोडल्याची तारीख म्हणून 15 जुलै पडते. पत्रात 20 जून, रजिस्ट्रारकडे 15 जुलै. मधल्या पंचवीस दिवसांत कंपनीने काही चुकीचे केले तर सरकारी नोंदीप्रमाणे तुम्ही तेव्हाही संचालक! योग्य वाक्य असे हवे: ‘श्री. ______ यांचे दिनांक 2 जून 2025 चे राजीनाम्याचे पत्र कंपनीस त्याच दिवशी ई-मेलने प्राप्त झाले असून, सदर राजीनामा दिनांक 20 जून 2025 रोजी कामकाजाची वेळ संपल्यापासून अमलात येत असल्याची मंडळाने नोंद घेतली.’ मंजूर केले नाही, नोंद घेतली. या ठरावाची प्रत मागून घ्यावी.

कंपनीने फॉर्म भरलाच नाही तर? 2014 पूर्वीच्या कायद्यात ही मोठीच अडचण होती. रजिस्ट्रारला कळवायचा फॉर्म 32 कंपनीनेच भरायचा, आणि राजीनामा दिलेल्या माणसाला स्वतःहून कळवायची सोय नव्हती. उरलेल्या संचालकांनी टाळाटाळ केली की माणूस कागदोपत्री वर्षानुवर्षे अडकून पडे. 1 एप्रिल 2014 पासून नव्या कायद्याने त्याला स्वतःचा फॉर्म दिला, डीआयआर-11. सुरुवातीला तो भरणे सक्तीचे होते. 7 मे 2018 पासून दुरुस्ती होऊन ते ऐच्छिक झाले.

ऐच्छिक आहे म्हणून बरेच सल्लागार ‘गरज नाही’ म्हणतात. मला हा सल्ला पटत नाही. कंपनीच्या फॉर्मवर तुमचे नियंत्रण नाही; या फॉर्मवर आहे. प्राध्यापकांनी 20 जूनपासून तीस दिवसांत, म्हणजे 20 जुलैच्या आत, तो भरायचा. त्यात नेमणुकीची तारीख, कंपनीला नोटीस दिल्याची तारीख, राजीनामा अमलात आल्याची तारीख आणि कारण विचारले जाते. सोबत राजीनाम्याचे पत्र, ते पाठवल्याचा पुरावा आणि पोच मिळाली असेल तर पोच जोडायची. कंपनीने सहकार्य केले नाही तरी पाठवल्याचा पुरावा तुमच्याकडे असतोच. फी कंपनीच्या भांडवलानुसार 200 ते 600 रुपये, त्यामुळे खर्चाचे कारण पुढे करता येत नाही.

या फॉर्मला तुमची डिजिटल सही लागते, आणि इथे एक खास आपल्याकडची अडचण येते. डिजिटल सही म्हणजे पेनड्राइव्हसारखा एक छोटा टोकन. तो बहुधा डायरेक्टरच्या घरी नसतोच. कंपनीच्या सीएच्या ऑफिसात, एका ड्रॉवरमध्ये, चिकटपट्टीवर नावे लिहिलेल्या तसल्या पंधरा-वीस टोकनांमध्ये तो पडलेला असतो, आणि त्याचा पासवर्ड तिथल्या असिस्टंटला पाठ असतो. तो सीए कंपनीचा माणूस; तुम्ही कंपनीतून बाहेर पडताय. राजीनाम्याचे पत्र देण्याआधी जाऊन टोकन हातात घ्या. मुदत संपली असेल तर नवी सही काढा. आणि डिनची केवायसी राहिली असेल तर डिन निष्क्रिय दाखवतो. तो आधी सुरू करून घ्यावा लागतो. नंतर आठवले तर तीस दिवस यातच जातात.

फॉर्म गेल्यावर महिन्याभराने मास्टर डेटा पुन्हा उघडायचा. संचालकांच्या यादीत नाव अजून चालू दिसते का? दिसत असेल तर कंपनीचा डीआयआर-12 गेलेला नाही किंवा अडकला आहे. फॉर्म गेला आहे पण तारीख कुठली टाकली, हे बघायचे तर त्याच पोर्टलवर 100 रुपये भरून त्या कंपनीची सार्वजनिक कागदपत्रे पाहता येतात. डीआयआर-12 उतरवून घ्या आणि तारीख जुळवा. जुळत नसेल तर कंपनीला आणि पुणे, मुंबई किंवा पणजी, जिथे कंपनीची नोंदणी असेल तिथल्या रजिस्ट्रारला, डीआयआर-11 ची पावती जोडून लेखी कळवा.

उदाहरणातले प्राध्यापक सुखी आहेत, कारण मागे दोन संचालक उरतात. मूळ दोघेच असते आणि एकाने राजीनामा दिला असता तर? राजीनामा तरीही अमलात येतो. तो अडवता येत नाही. पण उरलेल्या एकट्याला नेहमीचे कामकाज चालवता येत नाही, कारण बोर्डाच्या मीटिंगला किमान दोन जण लागतात. कायदा त्याला फक्त दोन गोष्टींची मुभा देतो, नवा संचालक घेऊन संख्या पुरी करणे किंवा सभासदांची सभा बोलावणे. म्हणून अशा कंपनीत सौजन्य म्हणून आधी तिसरे नाव आणायला वेळ द्यावा. वेळ, पण अमर्याद नाही. आणखी एक प्रकार आपल्या मराठी घरांत हल्ली वाढला आहे: मुलगा अमेरिकेत, कंपनी पुण्यात, आणि आई किंवा वडील दुसरे डायरेक्टर. आर्थिक वर्षात किमान 182 दिवस भारतात राहणारा एक तरी संचालक कंपनीला लागतो. वडिलांनी वयामुळे राजीनामा द्यायचे ठरवले तर आधी इथे राहणारे दुसरे माणूस शोधावे लागते.

तारीख पक्की झाली म्हणजे सगळे सुटले, असे मात्र नाही. कलम 168 मध्येच लिहिले आहे की पदावर असताना घडलेल्या गुन्ह्यांची जबाबदारी राजीनाम्यानंतरही राहते. प्रायव्हेट कंपनीकडून कर वसूल झाला नाही तर त्या वर्षी संचालक असलेल्यांकडे आयकर खाते येऊ शकते. माझ्याकडून गंभीर हलगर्जीपणा झाला नव्हता, हे मग दाखवावे लागते. राजीनामा पुढच्या काळाचे दार बंद करतो, मागच्या काळाचे नाही.

बँकेची हमी हा तर वेगळाच करार. कंपनीच्या कॅश क्रेडिटसाठी तुम्ही वैयक्तिक हमीपत्रावर सही केली असेल, तर डायरेक्टरकी सोडल्याने ती हमी सुटत नाही. बँकेला रजिस्ट्रारची पावती दाखवून उपयोग नाही. पुढच्या व्यवहारांपुरती हमी मागे घेत असल्याची नोटीस बँकेला वेगळी द्यावी लागते, आणि तोवर झालेल्या कर्जाचे काय ते बँकेशी बोलूनच ठरते.

तिसरी गोष्ट पुढच्या तारखांच्या चेकांची. कच्चा माल देणाऱ्यांना तीन-तीन महिन्यांचे चेक आगाऊ देऊन ठेवायची पद्धत आहे. तुमच्या सहीचा चेक तुम्ही पद सोडल्यावर वटायला गेला आणि परत आला, तर नोटीस तुमच्या नावावरही येणारच. सुरुवातीला सांगितलेल्या खटल्यातला माणूस सुटला, पण म्हणून स्वतःच्या सहीचे चेक बाजारात फिरत असतील तर त्या निकालावर निवांत राहू नये. पत्र देण्याआधी अशा चेकांची यादी करून ते दुसऱ्या सहीने बदलून घ्यायला सांगावे आणि ती यादी मेलवर जावी.

आणि शेअर. डायरेक्टरकी सोडली म्हणजे भागीदारी सोडली असे नाही. तुमच्या नावावर शेअर असतील तर ते तसेच राहतात, कुणाला द्यायचे असतील तर त्याचा कागद वेगळा. दाजींनी ‘राजीनाम्याबरोबर हा एक फॉर्म सही करून टाक’ असे म्हणून शेअर हस्तांतराचा फॉर्म पुढे केला, तर तो वाचल्याशिवाय सही करू नये.

2017 च्या सप्टेंबरात कंपनी व्यवहार मंत्रालयाने वर्षानुवर्षे विवरणपत्रे न भरणाऱ्या कंपन्यांच्या संचालकांवर कारवाई केली. सलग तीन आर्थिक वर्षे कंपनीने हिशेब किंवा वार्षिक विवरण दाखल केले नाही, तर तिचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. त्या वेळी देशभरात सुमारे तीन लाख संचालक अपात्र झाले. अपात्र माणसाला नव्या कंपनीत संचालक होता येत नाही. अशा वेळी आपण कंपनी कधीच सोडली होती, हे दाखवायला रजिस्ट्रारकडच्या नोंदीइतका दुसरा चांगला कागद नाही.

तेव्हा कधीकाळी कुणाच्या कंपनीत डायरेक्टर होऊन ‘सोडले’ असाल, तर mca.gov.in वर जाऊन त्या कंपनीच्या मास्टर डेटात आपले नाव अजून आहे का ते पाहा. असेल, आणि पत्र व पोच तुमच्याकडे असेल, तर डीआयआर-11 उशिराही भरता येतो. सहा महिन्यांहून जास्त उशीर झाला असला तरी मूळ फीशिवाय तिच्या बारा पट जादा फी पडते, म्हणजे 600 रुपयांच्या फीवर 7,200. पत्र कधी दिलेच नसेल, तर ते आजच लिहा आणि त्यात तारीख घाला.